तापमान चढल्यावर फोन करू नका

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी सांगलीला सासरी राहते, वय २९. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शनिवार-रविवार घरी येतात. सात महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते. मोबाइलमधलं अ‍ॅप चौदावा दिवस दाखवतं, त्यावर भरवसा उरला नाही म्हणून तीन महिने रोज सकाळी तोंडात थर्मामीटर धरून तापमान लिहितेय. ते चढलं की यांना फोन करते, हे रजा टाकून येतात. तरी पाळी येतेच. मधल्या दिवसांत अंगावरून पांढरं, पातळ जातं. सासूबाई म्हणतात त्यामुळेच दिवस राहत नाहीत, आणि तांदळाचं धुवण देतात. ते जात असतं तेव्हा आम्ही संबंध टाळतो. तिन्ही महिन्यांचे कागद सोबत पाठवतेय. माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचे तिन्ही कागद समोर ठेवूनच लिहितेय. आधी चांगली बातमी. तिन्ही महिने तापमान खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर गेलेलं आणि पाळी येईपर्यंत तिथेच टिकलेलं दिसतंय, म्हणजे तुमचं बीज बहुधा तिन्ही वेळा सुटलंय. तुमच्या फोनची वेळ मात्र चुकतेय. तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. तुम्ही फोन लावता तेव्हा त्या महिन्याची संधी संपलेली असते.

हे असं का होतं ते सांगते. अंडाशयातल्या ज्या पुटकुळीतून बीज बाहेर पडतं, तिचीच पुढे एक पिवळसर ग्रंथी बनते आणि ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करायला लागते. हे प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर परिणाम करतं, आणि शरीराचं विश्रांतीतलं तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइटने वर जातं. ग्रंथी तयार होऊन रक्तात पुरेसं प्रोजेस्टेरॉन यायला वेळ लागतो, त्यामुळे थर्मामीटरवर चढ दिसायला बीज सुटल्यानंतर एक-दोन दिवस जातात. सुटलेलं बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. सकाळी चढ दिसला, तुम्ही फोन केला, यांनी रजेचा अर्ज टाकला, रात्रीची गाडी पकडली, की सगळा हिशोब बिघडलाच.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या २२१ महिलांवर केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्याजणी गर्भधारणेसाठी प्रयत्न करत होत्या आणि बीज केव्हा सुटलं हे त्यांच्या रोजच्या लघवीतल्या संप्रेरकांवरून ठरवलं होतं. ज्यांना दिवस राहिले त्यांचे संबंध बीज सुटण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या पाच दिवसांत आलेले होते. बीज सुटण्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे एकही गर्भधारणा आढळली नाही. म्हणून उपयोगाचे दिवस सहा, आणि त्यातले पाच आधीचे.

आता प्रश्न असा की जी गोष्ट अजून घडलेली नाही ती आधी कशी कळणार? थर्मामीटरला ती कळत नाही, पण ज्याला घरात आजार समजलं जातंय त्या स्रावाला कळते.

पाळी संपल्यावर अंडाशयात बीज वाढायला लागतं तसं इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं. त्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी जास्त स्राव सोडतात आणि तो स्राव दिवसागणिक बदलतो. सुरुवातीला कोरडं असतं किंवा थोडं चिकट, चिवट असतं. मग मलईसारखं पांढरट, दाट होतं. मग पाण्यासारखं पातळ, आणि शेवटी पारदर्शक, बुळबुळीत, बोटांत ताणलं तर तार सुटावी असं. पुस्तकांत याला कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्याची उपमा देतात. ज्यांच्या घरी अंडं येत नाही त्यांनी भेंडी चिरताना सुरीला लागणारी तार आठवावी. योनीतलं वातावरण एरवी आम्लधर्मी असतं, शुक्रजंतू तिथे काही तासांत मरतात. या पातळ स्रावात मात्र ते सुरक्षित राहतात, त्यातून वर गर्भाशयात पोहोचतात, आणि तीन ते पाच दिवस जिवंत राहू शकतात. बीज सुटलं आणि प्रोजेस्टेरॉन आलं की हाच स्राव एक-दोन दिवसांत घट्ट होऊन वाट बंद करतो.

तेव्हा सासूबाईंना एवढंच सांगा की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारा पातळ, तारेचा, वास नसलेला स्राव निरोगी बाईला जायलाच हवा. तांदळाच्या धुवणाने तुमचं नुकसान काही होत नाही, आवडत असेल तर प्या. पण ते जातंय म्हणून संबंध टाळणं सोडा, कारण टाळायचे म्हणून तुम्ही निवडलेले दिवस नेमके हवे ते आहेत. खाज, आग, घाण वास, हिरवट-पिवळा रंग किंवा पांढऱ्या गुठळ्या असतील तर गोष्ट वेगळी. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यावर औषध घ्यावं लागतं, आणि तो बरा होईपर्यंत चार्टमध्ये स्रावाच्या नोंदींना काही अर्थ राहत नाही. तुमच्या कागदावर यातलं काही दिसत नाही.

आता तिसरा कागद घ्या हातात, कारण त्यात सगळं आहे. त्या महिन्यात पाळी बुधवारी आली, तो पहिला दिवस. (लाल स्राव नीट सुरू झाला तो दिवस एक धरायचा, आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही. तुम्ही बरोबर धरलाय.) सहाव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत तापमान ९७.१ ते ९७.४ च्या मध्ये फिरतंय. नववा दिवस तेवढा ९७.८ आहे, पण शेजारी तुम्हीच लिहिलंय, ‘पाणी भरून आल्यावर घेतलं’. तेराव्या दिवशी ९७.९ आहे आणि लिहिलंय, ‘लग्नाहून रात्री दीडला आलो, आठला उठले’. हे दोन्ही आकडे खोडायचे नाहीत, पण त्यांच्याभोवती गोल करून हिशोबातून बाजूला ठेवायचे. त्या महिन्यात तुम्ही तेराव्या दिवशीच यांना फोन करायला निघाला होता असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. एकट्या आकड्यावर कधीच काही ठरवू नका.

सोळाव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंतचे सहा आकडे बघा: ९७.४, ९७.३, ९७.२, ९७.३, ९७.१, ९७.४. यातला सगळ्यात मोठा आकडा ९७.४, त्याच्या एक पॉइंट वर, म्हणजे ९७.५ वर, पट्टीने आडवी रेघ मारा. बाविसाव्या दिवशी ९७.८, तेविसाव्याला ९७.९, चोविसाव्याला ९८.०. सलग तीन दिवस रेघेच्या वर, आणि आधीच्या सहाही दिवसांपेक्षा जास्त. याला म्हणायचं तापमान चढलं. तीन दिवस पुरे होईपर्यंत तसं म्हणायचं नाही. पुढे पाळी येईपर्यंत, चौतिसाव्या दिवसापर्यंत, ते वरच राहिलंय.

आता त्याच कागदाच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. सोळाव्या दिवशी ‘थोडं पांढरं’. सतराव्या दिवशी, शुक्रवारी, ‘पातळ पाणी’. शनिवारी अठरावा आणि रविवारी एकोणिसावा दिवस, दोन्हीकडे ‘खूप जातंय, तार येते’. सोमवारी विसाव्या दिवशी ‘तसंच, चालताना निसरडं वाटतं’. मंगळवारी ‘थोडं, घट्ट’. बुधवारी ‘काही नाही’. निसरड्या स्रावाचा जो शेवटचा दिवस, तो शिखराचा दिवस, आणि तुमच्याकडे तो विसावा. बीज साधारण त्याच्या आसपास सुटतं, एक दिवस अलीकडे-पलीकडे. तापमान बाविसाव्याला चढलं, म्हणजे दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात: बीज सोमवारी किंवा मंगळवारी सुटलं असणार. तुम्ही फोन केला बुधवारी सकाळी, हे आले गुरुवारी. आणि शनिवार-रविवार, जेव्हा हे घरातच होते आणि स्राव अगदी हवा तसा होता, तेव्हा तुम्ही दोघांनी टाळलं. यांची एक रजा वाया गेली, एवढंच त्या फोनने साधलं.

मग तापमान लिहायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. चालू महिन्यात त्याचा उपयोग एवढाच की स्रावावरून तुम्ही जो अंदाज केला तो बरोबर होता की नाही याची मागाहून खात्री पटते. स्राव कधी कधी फसवतो. काही बायकांत, विशेषतः पीसीओएस हा संप्रेरकांच्या असंतुलनाचा त्रास असेल तर, पातळ स्राव येतो, जातो, पुन्हा येतो आणि बीज मात्र सुटतच नाही. तिथे तापमान चढत नाही, आणि त्यावरूनच ते कळतं. दुसरा उपयोग तुमच्या अ‍ॅपबद्दलच्या तक्रारीशी जोडलेला आहे. तुमच्या तीन महिन्यांत चढ आला एकविसाव्या, तेविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी, आणि त्या पाळ्या होत्या ३३, ३६ आणि ३४ दिवसांच्या. चढ आल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस मोजा: १३, १४, १३. मागचा भाग जवळपास ठरलेला असतो, पुढचा भाग लांबतो-आखडतो. चौदा हा आकडा पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो आणि तोही ढोबळ मानाने. अ‍ॅपने तो पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढे मोजला. तुमच्या बाबतीत चौदाव्या दिवशी संबंध आले तर शुक्रजंतूंना विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत तग धरावा लागेल. ते फार क्वचित जमतं.

आता पुढच्या महिन्यापासून काय करायचं ते.

स्राव बघायची पद्धत आपल्याकडच्या बाथरूममध्ये थोडी जपून ठरवावी लागते. परदेशी पुस्तकांत टिश्यूने पुसून बघा असं लिहिलेलं असतं, आपण पाणी वापरतो. धुतल्यावर सगळंच ओलं असतं, त्यावरून काही कळत नाही. म्हणून लघवीला बसण्याआधी, पाणी वापरण्याआधी, हात धुऊन कोरडे केलेल्या बोटाने योनीच्या तोंडाशी बाहेरूनच स्पर्श करून बघा, किंवा पांढऱ्या टिश्यूचा तुकडा वापरा. बोट आत घालायची गरज नाही. जे लागेल ते अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच ताणा. लगेच तुटतं का, की इंचभर तार येते? रंग पांढरट आहे की पारदर्शक? आणि दिवसभर चालताना-बसताना कोरडं, ओलसर की निसरडं वाटलं? बऱ्याच जणींना ही शेवटची जाणीवच सगळ्यात भरवशाची वाटते. दिवसातून दोन-तीनदा बघा आणि रात्री झोपताना दिवसातला सगळ्यात ‘पातळ-निसरडा’ स्राव जो दिसला तो लिहा, सरासरी काढू नका. सकाळी पांढरट आणि संध्याकाळी पाणीदार असेल तर तो दिवस पाणीदार.

प्रत्येकीला लांब तार येतेच असं नाही. एखादीला फक्त पाण्यासारखा स्राव येतो आणि तोच तिचा उत्तम असतो. स्वतःच्या आधीच्या दिवसांशी तुलना करायची, मैत्रिणीशी नाही.

संबंधानंतर दुसऱ्या सकाळी वीर्य बाहेर येतं आणि तेही बुळबुळीत दिसतं. ते बोटांवर लवकर सुकतं, ताणल्यावर तुटतं. शंका असेल त्या दिवशी प्रश्नचिन्ह टाका. सर्दीच्या गोळ्यांनी काहींचा स्राव आटतो. बीज वाढवण्यासाठी देतात त्या क्लोमिफेनच्या गोळीनेही तसं होऊ शकतं, तेव्हा ती गोळी चालू झाली आणि स्राव कमी दिसला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. आणि कोरडेपणासाठी तेल, थुंकी किंवा दुकानातली साधी जेली या दिवसांत वापरू नका, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींनी शुक्रजंतूंची हालचाल मंदावते.

फोन कधी करायचा? मलईसारखा दाट स्राव पाणीदार झाला, त्या दिवशी. गेल्या महिन्यात तो दिवस होता सतरावा. तेव्हापासून शिखर यायला तीन दिवस होते, म्हणजे चाकणहून सांगलीला यायला पुरेसा वेळ होता. ते शनिवार-रविवार आले तर प्रश्नच नाही. पाणीदार दिवस मंगळवारी उजाडला तर बुधवारी किंवा गुरुवारी रात्री त्यांनी यावं, एक रजा तिथे खर्च करावी. आणि रविवारी संध्याकाळी बदल दिसला, सोमवारी पहाटे त्यांना निघायचंय, तर निघण्याआधीच्या रात्रीची संधी सोडू नका. शुक्रजंतू चांगल्या स्रावात थांबू शकतात, तेवढ्यावरही काम होतं. त्याच आठवड्यात अधेमधे एकदा आले तर आणखी चांगलं. तुम्हीच दोन दिवस चाकणला जाऊन राहिलात तर रजेचाही प्रश्न नाही, पण ते घरच्या परिस्थितीवर आहे.

पातळ स्रावाच्या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध, दोन्ही चालतं. ‘साठवून ठेवलं की जास्त जोर येतो’ असं तुमच्या यांना मित्राने सांगितल्याचं तुम्ही कागदाच्या शेवटी लिहिलंय. आठ-दहा दिवस थांबलं तर शुक्रजंतूंची संख्या वाढते हे खरं, पण जुने होऊन त्यांची हालचाल मंदावते. मुद्दाम साठवायची गरज नाही.

तापमान घ्यायची तुमची पद्धत बरीचशी बरोबर आहे. सुधारायच्या दोन-तीन गोष्टी. थर्मामीटर रात्रीच उशाशी ठेवा. सकाळी डोळे उघडल्यावर उठायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, आधी थर्मामीटर जिभेखाली, ओठ मिटलेले. त्याआधी सलग तीन-चार तास झोप झालेली हवी. तुमच्याकडे नळाला पहाटे पाणी येतं, तर पाण्यासाठी उठायचा गजर वाजला की पहिलं काम हे, मग पाणी. फॅरनहाइटमध्येच घ्या. आपल्याकडच्या साध्या डिजिटल थर्मामीटरवर दशांशानंतर एकच आकडा येतो, फॅरनहाइटमध्ये तेवढा पुरतो. सेल्सिअसमध्ये तो भरड पडतो, चढ नीट दिसत नाही. कपाळासमोर धरायच्या बंदुकीचा इथे काही उपयोग नाही, काखेतलं तापमानही डळमळीत असतं. आणि महिन्याच्या मध्ये थर्मामीटर बदलू नका. दोन थर्मामीटरमध्ये दोन-तीन पॉइंटचा फरक सहज असतो आणि तुम्ही शोधताय तो चढ चार-सहा पॉइंटचाच आहे. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरमध्ये आदलं माप पुन्हा दिसतं, त्यामुळे झोपेत असाल तर ते बाजूला ठेवून मग उठल्यावर लिहिता येतं.

उशिरा उठलात की आकडा वर जातो, साधारण तासाला एक-दोन पॉइंट. ताप, जागरण, दारू, रात्री चार वेळा उठणं, यांनीही जातो. असं काही झालं की तुम्ही आधीपासून करताय तसं शेजारी लिहा. तुमच्या कडेच्या त्या नोंदी नसत्या तर तिसरा कागद मला वाचताच आला नसता.

एका गोष्टीबद्दल आधीच सावध करते, कारण कधी ना कधी कोणीतरी तुम्हाला पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल देईल. तोंडाने किंवा योनीमार्गात घेतलेल्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनने तापमान आपोआप चढतं, बीज सुटो वा न सुटो. डायड्रोजेस्टेरॉन या कृत्रिम प्रकाराने सहसा चढत नाही. औषध बंद करू नका, पण कोणत्या दिवसापासून काय सुरू झालं ते चार्टवर लिहा. आणि प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीसाठी ‘एकविसाव्या दिवशी या’ असं सांगितलं तर तुमचे हे कागद दाखवा. ती तपासणी बीज सुटल्यानंतर साधारण सात दिवसांनी करायची असते. २८ दिवसांची पाळी असलेल्या बाईसाठी तो दिवस एकविसावा. तुमच्यासाठी तो सत्ताविसावा-अठ्ठाविसावा आहे. एकविसाव्या दिवशी तुमचं बीज जेमतेम सुटलेलं असेल, प्रोजेस्टेरॉन कमी दिसेल, आणि ‘बीज बनत नाही’ असा शिक्का विनाकारण बसेल.

दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज सुटण्याच्या, पट्ट्या लघवीतलं एलएच हे संप्रेरक बघतात. ते बीज सुटण्याच्या साधारण दीड दिवस आधी वाढतं, म्हणजे पट्टीही आधीच सांगते. तुम्हाला वापरायची असेल तर अकराव्या दिवसापासून डबा रिकामा करत बसू नका, स्राव मलईसारखा व्हायला लागला की सुरू करा. पीसीओएसमध्ये मात्र पट्टी खोटी गडद येऊ शकते.

चार्टवरून काय कळत नाही तेही माहीत हवं. गर्भाशयाच्या नळ्या उघड्या आहेत का, हे त्यावरून कळत नाही. यांच्या शुक्रजंतूंबद्दल काही कळत नाही. आणि बीज सुटल्याचा तो अंदाज असतो, पक्का पुरावा नसतो. पुटकुळी न फुटताही कधी कधी प्रोजेस्टेरॉन बनतं आणि तापमान चढतं. सर्वसाधारणपणे ३५ वर्षांखालच्या जोडप्याने वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्यांना यावं असं आम्ही सांगतो, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. तुमचे सात महिने त्या अर्थाने पूर्ण सात नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याच महिन्यांत हवे ते दिवस हुकलेच. तरी पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते म्हणून थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे दोन रक्ताचे रिपोर्ट आणि एक सोनोग्राफी आत्ताच करून घ्यायला हरकत नाही. आणि यांची वीर्यतपासणीही त्याच आठवड्यात. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो, चाकणला राहून दिला तरी चालेल. ती साधी, स्वस्त तपासणी आहे आणि बहुतेक घरांत ती बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर, सगळ्यात शेवटी होते. तसं तुमच्या घरी होऊ देऊ नका.

आणखी दोन-तीन महिने चार्ट चालू ठेवा. स्राव दोनदा-तीनदा येऊन गेला आणि तापमान पूर्ण महिना खालीच राहिलं, किंवा चढल्यापासून दहा दिवसांच्या आत पाळी आली, तर वर्षाची वाट न बघता कागद घेऊन जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मध्येच एखाद्या दिवशी दोन पॉइंट खाली आलं तर त्यावरून गर्भ रुजला, नाही रुजला, असे अर्थ काढू नका, तेवढं खाली-वर रोजच होतं. तुमचं तापमान चढून १३-१४ दिवस राहतं हे आता माहीत आहे. ते सोळा दिवस वर राहिलं आणि पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीवर घरच्या घरी टेस्ट करा. अठरा दिवस वर राहूनही टेस्ट कोरी आली, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. तोवर थर्मामीटर बाजूला ठेवला तरी चालेल.